पावसाळ्यात काचेच्या बरण्या पाठवताय? आधी पेटी हलवून बघा

मंडळी, मध काढून झाला, बरण्या भरल्या, आता पार्सल सुरू झाली असतील. नेमकी हीच वेळ माल फुटण्याची, कारण हवा दमट झाली की पुठ्ठा मऊ पडतो. खूप दमट हवेत राहिलेल्या पेटीची वजन पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. पुठ्ठा वरून कोरडा दिसतो पण कोपरा अंगठ्याने दाबला की आत जातो, अशी पेटी काचेसाठी वापरूच नका.

पण पावसापेक्षाही जास्त नुकसान मी एकाच चुकीने होताना बघितलंय. पेटीत मोकळी जागा राहते आणि बरणी आत हलते. बरणीला दोन-तीन सेंटीमीटर जागा मिळाली तरी प्रत्येक धक्क्याला ती आतल्या आत सरकून आपटते, मग बबल रॅप कितीही गुंडाळा. आमच्या शेजारच्या एका मधपाळाच्या सहा बरण्यांतल्या दोन फुटल्या, दोन्ही शेजारशेजारच्या, आणि दोन्हीला एकमेकींकडची बाजूच तडकलेली. म्हणजे पडल्यामुळे कमी आणि काचेवर काच आपटून जास्त. मधे एक पुठ्ठ्याचा तुकडा असता तर वाचल्या असत्या.

आता हिशोब बघा. अर्धा किलो मधाची बरणी धरा साधारण ७ सेंटीमीटर रुंद, १० उंच. पातळ बबलचे दोन थर आणि मधला पुठ्ठा धरून एकीला ९ सेंटीमीटर जागा लागते. सहा बरण्या तीन बाय दोन लावल्या की २७ बाय १८. चारी बाजूंनी, खाली आणि वर ५-५ सेंटीमीटर भरण, हे पॅकिंगवाल्यांचं नेहमीचं माप आहे, मग पेटी आतून झाली ३७ × २८ × २०. बरेच कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० ने भागतात आणि ते किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. इथे आतल्या मापाने ते येतं ४.१ किलो, बाहेरून मोजलं तर थोडं जास्त, आणि खरं वजन साडेचारच्या पुढे, म्हणजे फुकटचा भुर्दंड जवळपास नाही. हाच माल ४० × ४० × ३० च्या पेटीत टाकला तर ९.६ किलो. भाडं जवळपास दुप्पट, भरण जास्त आणि मोकळी जागा राहायची भीती वेगळीच.

दुकानदार म्हणेल महागडा छापील बॉक्स घ्या, "नाजूक" लिहिलेली टेप घ्या. ती टेप बघून कोणी पेटी अलगद ठेवेल या भरवशावर राहू नका, पेट्या कुरिअरच्या सरकत्या पट्ट्यावरून घसरत एकमेकींवर पडतातच. पैसे घालायचेच तर पेटी पाच पदरी आणि कोरी घ्या, कारण सहा बरण्यांचं वजन तीन पदरीला दमट हवेत झेपत नाही. बाकी जुन्या पेट्या कापून आतले कप्पे करा, खाचा पाडून एकमेकांत अडकवा, फुकटात होतं.

भरणाला वर्तमानपत्र चालतं पण मुठीत घट्ट चुरगाळून गोळे करा, सैल टाकलं तर वाटेतच चपटं होतं. भाताचं तूस किंवा थर्माकोलचे मणी जड बरणीखाली मला पटत नाहीत, गाडीच्या हादऱ्याने ते बाजूला सरकतात आणि बरणी हळूहळू तळाला टेकते. पेंढा पावसाळ्यात बुरशी धरतो.

बाकी कामं:
- झाकण घट्ट, त्यावर टेपचा एक वेढा, बरणी पुसून कोरडी
- प्रत्येक बरणी वेगळ्या प्लास्टिक पिशवीत
- बरण्या उभ्याच
- टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, वर आणि खाली
- रिकाम्या पेट्या जमिनीवर नाही, फळीवर

पेटीचं झाकण लावताना वरच्या भरणाने हाताला थोडं ढकललं पाहिजे, हा माझा अंदाज, माप नाही. पण पेटी फुगायला नको, फुगली तर टेप सुटते. मग पेटी उचलून कानाजवळ हलवा. काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडा, भरा, परत हलवा. पहिल्या खेपेला एक पेटी पाण्याच्या बरण्या भरून पाडून बघा, साधारण ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे कमरेच्या जरा खालून, दहा वेळा. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहाही बाजूंवर एकेकदा. दहा किलोच्या आतल्या पेटीसाठी तपासणीचं हेच माप वापरतात.

तरी फुटलंच तर गिऱ्हाइकाला सांगा, काच टाकायच्या आधी फोटो पाठवा. बाजू तडकली असेल तर कप्पा कमी पडला, तळ गेला असेल तर बरणी खाली बसली, मानेला गेली असेल तर वरचं भरण कमी. पुढच्या पेटीत तेवढंच बदला.