जपानी फलकाचा फोटो घरी पाठवताना

आई-बाबा जपानला आणि मुलगी नाशिकला, असं असलं की स्टेशनवरच्या फलकांचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि भाषांतर घरून करायचं असतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पाठवणीत फोटो दाबला जातो, बारीक रेघांची अक्षरं चिकटतात आणि भाषांतराचं अॅप भलतंच वाचतं.

एलईडी फलकाचा एकच फोटो पुरत नाही. दिवे वेगाने उघडझाप करत असल्यामुळे फोटोत अक्षराचा तुकडा गायब होतो, म्हणून लागोपाठ तीन-चार काढायला लावा. बरेच फलक काही सेकंदांनी इंग्रजीतही बदलतात. तेवढं थांबलं तर भाषांतराची गरजच उरत नाही.

अॅप सर्वात जास्त घोळ घालतं ते नावांत. कधी कधी ते स्टेशनच्या नावाचाही शब्दशः अर्थ लावतं, मग 上野, म्हणजे उएनो, 'वरचं शेत' होऊन बसतं. अशा वेळी भाषांतर सोडा आणि स्टेशनच्या पाटीवरचा चौकटीतला क्रमांक मागवा. टोकियोत JY17 दिसलं, की ते यामानोते मार्गावरचं शिंजुकु. तो क्रमांक नकाशाशी जुळवा, नाव वाचता आलं नाही तरी चालतं.

दोन शब्द मात्र त्यांच्या फोनमध्ये चित्र म्हणून ठेवाच. 回送 लिहिलेली गाडी प्रवासी घेत नाही, आणि 通過 म्हणजे गाडी इथे न थांबता जाणार. ती येताना आई-बाबांनी पिवळ्या पट्टीच्या मागे, रुळांपासून लांब उभं राहायला हवं.