वजन ठेवलं तरी ब्रिज ढिम्म, बोट लावलं की आकडा पळतो

पोलादी पट्टीच्या वर एक आणि खाली एक असे 350 ओहमचे दोन स्ट्रेन गेज, बाकी दोन भुजांत 350 ओहमचे स्थिर रेझिस्टर, ब्रिजला 5 व्होल्ट. वजनाने आउटपुट हलेना, पण गेजला बोटाची ऊब लागली की वाहत जाई. ही खूण पक्की: दोन्ही गेज समोरासमोरच्या भुजांत जोडले गेले होते. तिथे ताण आणि दाब एकमेकांना खोडतात, तापमानाचा बदल मात्र दुप्पट होतो.

एक गेज आणि एका रेझिस्टरच्या जागा अदलाबदल करून दोन्ही गेज एकाच डिव्हायडरमध्ये आणले, म्हणजे शेजारच्या भुजांत. गेज फॅक्टर 2 आणि स्ट्रेन 500 मायक्रो धरला, तर रोध फक्त 0.35 ओहमने बदलतो. एकाच गेजवर मिळतात:

```
5 × 0.35 / (4 × 350) = 1.25 mV
```

आता वरचा गेज 0.35 ने वाढतो, खालचा तेवढाच घटतो. बेरीज 700 ओहमच राहते, त्यामुळे प्रवाह तोच आणि मधला बिंदू पूर्ण 2.5 mV सरकतो. ऊब दोघांना सारखीच लागली, तर मधला बिंदू जागचा हलत नाही. मात्र दोन्ही गेज पट्टीच्या लांबीला समांतर आणि नेमके एकमेकांखाली चिकटवा, नाहीतर दुप्पट पूर्ण मिळत नाही.