चार्जर लावला की एमसीबी पडते? मोठी एमसीबी बसवण्याआधी या चुका टाळा

नाशिकमधल्या एका रो-हाऊसचं काम मे महिन्यात माझ्याकडे आलं. नवीन इलेक्ट्रिक गाडी, पार्किंगच्या भिंतीवर 7.4 किलोवॅटचा चार्जर. रात्री साडेदहाला गाडी लावायची आणि सव्वाअकराच्या सुमारास एमसीबी पडायची, रोज. आधीच्या वायरमनने 32 अँपिअरची एमसीबी काढून 40 ची बसवली. चार दिवस सुखाचे गेले, पाचव्या दिवशी डीबीतून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यातून, जळक्या प्लास्टिकचा वास आला.

मी पहिला प्रश्न विचारला, एमसीबी किती वेळाने पडायची? लावल्या लावल्या पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. एमसीबी तशीच आणि गळती पकडणारी आरसीसीबी पडत असेल तर करंट गळतोय. ते दुखणंच वेगळं. पण अर्ध्या-पाऊण तासाने पडते म्हणजे काहीतरी हळूहळू तापतंय. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की वाकते आणि खटका पाडते. ती करंटने तापली की शेजारच्या स्क्रूने, हे तिला कळत नाही.

इथे तापण्याची कारणं दोन होती. मेन बंद करून, टेस्टरने तपासून डीबी उघडली. चार्जरकडे जाणाऱ्या फेजचा स्क्रू दीड फेरा फिरला, इतका सैल! वायर सोलताना कंजुषी केलेली, त्यामुळे तांब्याबरोबर इन्शुलेशनही क्लॅम्पखाली दाबलेलं आणि बोटाच्या पेराएवढा भाग तपकिरी पडलेला. सैल जोडाचा रोध 0.05 ओहम धरा. आकडा किरकोळ वाटतो, पण 32 अँपिअरला त्या एका जागी 51 वॅट उष्णता तयार होते. डीबीच्या डब्यात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झाकण लावण्यासारखंच ते. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, म्हणून असा जोड वर्षानुवर्षं खपून जातो. चार्जर मात्र रिकाम्या गाडीला सहा-सात तास पूर्ण करंट ओढतो.

जळका भाग कापला, वायर नीट सोलून टोकाला लग दाबला, स्क्रू पक्का केला. काळवंडलेली वायर नुसती पुन्हा आवळून मोकळं होऊ नये, जळलेलं तांबं पकड धरत नाही. एमसीबीही बदलली, कारण तिचं टर्मिनल भाजलं होतं.

दुसरी चूक वायरची. पार्किंगमधल्या जुन्या पंपाची 4 चौरस मिमीची, म्हणजे 4 स्क्वेअरची, वायर चार्जरला जोडली होती. भिंतीतल्या पाइपातून जाणारी 4 स्क्वेअर मे महिन्याच्या उकाड्यात तासन्‌तास 32 अँपिअर नेण्याएवढी नसते. एमसीबी असते ती या वायरच्या रक्षणासाठी. 32 ची पडत होती ती आपलं काम करत होती. 40 ची बसवल्यावर वायर भाजली तरी कोणी अडवणारं उरलं नाही. आम्ही डीबीपासून 6 स्क्वेअरची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढली. अंतर दहा-बारा मीटरच होतं. लांब असतं किंवा लाइन तापलेल्या गच्चीवरून न्यायची असती, तर 10 स्क्वेअर घातली असती. मोठी एमसीबी कधीकधी लागते हेही खरं, कारण कोंदट डीबीत 32 ची एमसीबी 32 वर रात्रभर टिकेलच असं नाही. पण आधी वायर वाढवायची, मग एमसीबी.

उन्हाळा-पावसाळा निभावला. डिसेंबरात पुन्हा फोन. "भाऊ, आता सगळ्या घराचीच लाइट जाते. सकाळी."

या वेळी पडत होती 40 अँपिअरची मेन एमसीबी. क्लॅम्प मीटर लावला: चार्जर 32, खालचा गिझर 9, मिळून 41. यावर मेन पडत नाही, कारण थोड्याशा जादा लोडला एमसीबी बराच वेळ सहन करते. वरच्या मजल्याचा गिझर लागला की 50, आणि मग वीसेक मिनिटांत अंधार. "कालपर्यंत तर चालत होतं" असं लोक म्हणतात ते यामुळेच. काल वरचे पाहुणे आंघोळीला नव्हते. बिलावर मंजूर भार 5 किलोवॅट आणि घर ओढत होतं अकराच्या वर. म्हणून मेन बदलून भागणार नव्हतं. भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करायला सांगितला.

तोवर चार्जरच्या सेटिंगमध्ये करंट 16 वर आणला. दोन्ही गिझर धरून बेरीज 34, मेन शांत. रात्री 11 ते सकाळी 6 या वेळात तेवढ्यावरही साधारण 25 युनिट गाडीला मिळतात, आणि त्यांची गाडी रोज 8 युनिटही खात नाही. अर्ज अजून महावितरणच्या टेबलावरच पडलाय.