ग्रुपवर ‘वॉचमन पाहिजे’ टाकण्याआधी

सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं ‘वॉचमन पाहिजे, एजन्सी सुचवा’ असा मेसेज टाकला की दहा नंबर येतात आणि एकाचाही दर दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी आठ तासांचा सांगतो, कुणी बाराचा. कुणी जीएसटी धरून, कुणी सोडून. म्हणून मेसेजच असा लिहा:

‘मेन गेटसाठी १ गार्ड. रात्रपाळी ११ ते ७, आठवड्याला एक सुट्टी, त्या दिवशी बदली गार्ड एजन्सीने द्यायचा. गार्डच्या हातात किती, पीएफ-ईएसआयसी किती, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी किती, हे वेगवेगळं लिहून पाठवा. सुरक्षा एजन्सी चालवण्याच्या पसारा लायसन्सची प्रत जोडा. संपर्क फक्त सेक्रेटरींशी.’

खरी मेख बदली गार्डमध्ये आहे. ते लिहिलं नाही, तर सुट्टीच्या रात्री गेट रिकामं राहतं, नाहीतर दिवसपाळीचाच माणूस थांबतो आणि पहाटे तीनला खुर्चीत पेंगतो. दर फारच कमी आला तर आधी ‘हातात किती’ हा आकडा बघा. कपात बहुधा तिथेच झालेली असते आणि असा गार्ड टिकत नाही.

लायसन्स राज्यवार मिळतं, मुदत पाच वर्षांची. त्यामुळे प्रतीवर महाराष्ट्र आणि संपण्याची तारीख, दोन्ही वाचा. शिवाय एजन्सीचं लायसन्स म्हणजे गार्डची पोलीस पडताळणी नव्हे. ती प्रत्येक गार्डची, बदलीवाल्याचीही, रुजू होण्याआधी मागा.

गार्डचं आधार किंवा पडताळणीचा कागद मात्र ग्रुपवर टाकू नका, सोसायटीच्या फाइलला लावा.