पीएफ पासबुक पगारपत्रकाशी जुळवताना: एका महिन्याचा घोळ

बारा टक्के कशाचे कापतात आणि मालकाच्या बारातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय. कर्मचाऱ्यांनी आपापल्या लॉगिनमधून उतरवून दिलेली पासबुकांची पीडीएफ तुमच्याकडे आली आहेत, शेजारी वर्षाचं पगारपत्रक उघडं आहे आणि दोन्ही टॅली करायचं काम नव्यानेच तुमच्या गळ्यात पडलंय. या कामातल्या बहुतेक अडचणी थोड्या सरावाने सुटतात. एक मात्र अशी आहे की ती चूक म्हणून दिसतच नाही. तिने मला पुरतं छळलंय, म्हणून आज तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

आधी आकडे बाहेर काढण्याबद्दल. पीडीएफ फुकटात एक्सेल करून देणाऱ्या वेबसाइटवर पासबुक चढवू नका. त्यात माणसाचं नाव, यूएएन, जन्मतारीख सगळं असतं आणि ते तुमच्या मालकीचं नाही. नव्या एक्सेलमध्ये `Data > Get Data > From File > From PDF` आहे, तेवढं पुरतं. हिंदी मथळ्यांची अक्षरं तुटकी येतील, त्याकडे दुर्लक्ष करा. तुम्हाला फक्त तपशिलाचा रकाना आणि रकमेचे तीन रकाने हवेत: कर्मचारी, मालक आणि पेन्शन.

वर्गणीच्या ओळींचा तपशील `Cont. For Due-Month 042023` असा असतो. फक्त अशाच ओळी ठेवायच्या. वर ओपनिंग बॅलन्सची ओळ असते (`OB Int. Updated upto 31/03/2023`), खाली व्याजाची, आणि मधे कधी उचल किंवा जुन्या खात्यातून आलेली रक्कम. या सगळ्या रकमा त्याच रकान्यांत बसतात, त्यामुळे सरसकट बेरीज मारली की मागच्या सगळ्या वर्षांची शिल्लक यंदाच्या वर्गणीत मिसळते. ही चूक निदान लाखांत दिसते, म्हणून लगेच सापडते.

आता मूळ घोळ. `Due-Month 042023` म्हणजे एप्रिलचा पगार नव्हे. मार्च २०२३ च्या पगाराची वर्गणी १५ एप्रिलपर्यंत भरायची असते, म्हणून तिचा ड्यू महिना एप्रिल. पासबुकाचं आर्थिक वर्षही याच हिशेबाने चालतं. २०२३-२४ च्या पासबुकात मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या पगारांची वर्गणी असते. तुमचं पगारपत्रक एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ असतं. दोन्हीकडे बारा महिने, पण तेच बारा नाहीत.

एक उदाहरण घेऊ. एकाचा पीएफचा पगार मार्च २०२३ पर्यंत १३,००० होता, एप्रिलपासून १४,००० झाला. १३,००० वर कपात १,५६०. १४,००० वर १,६८०. पगारपत्रकात वर्षाची कपात १,६८० गुणिले १२, म्हणजे २०,१६०. पासबुकात मात्र मार्चचे १,५६० आणि पुढच्या अकरा महिन्यांचे १८,४८०, मिळून २०,०४०. फरक १२० रुपये.

आता हे १२० रुपये बघून अनुभवी माणूस काय म्हणतो? "राउंडिंगचा असेल, सोड." माझं स्पष्ट मत आहे की "राउंडिंगचा असेल" म्हणणाऱ्या सीनियरकडून हे काम शिकू नये. राउंडिंगचा फरक महिन्याला फार तर एखाद्या रुपयाचा असतो. वर्षाला १२० होत नाही. शिवाय हा फरक बरोबर नव्या आणि जुन्या कपातीतला आहे: १,६८० वजा १,५६०. मालकाच्या बाजूला बघा. जुन्या पगारावर पेन्शन १,०८३ आणि उरलेले ४७७. नव्यावर १,१६६ आणि ५१४. म्हणजे पेन्शनमध्ये ८३ चा फरक आणि मालकाच्या रकान्यात ३७ चा, बेरीज पुन्हा १२०. अशी जोडी दिसली की पैसे कुठेही गेलेले नाहीत, महिना सरकलाय एवढंच.

खरा धोका वेगळाच आहे. ज्याला वर्षभरात एकदाही वाढ मिळाली नाही, त्याची वार्षिक बेरीज अगदी तंतोतंत जुळते! तुम्ही नमुन्याला अशीच दोन-चार पासबुकं घेतलीत तर पद्धत बरोबर आहे असंच वाटेल. आणि मे महिन्यात लागलेल्या माणसाची पूर्ण एका महिन्याची वर्गणी गायब दिसेल, कारण त्याचा मार्चचा पगार पुढच्या पासबुकात जातो. मग मालकाने पैसे भरले नाहीत असा बोभाटा होतो. म्हणून वार्षिक बेरीज जुळवूच नका. दर ओळीला पगाराचा महिना लावा आणि महिन्याला महिना भिडवा. मार्च २०२४ साठी पुढच्या वर्षाचं पासबुक मागवावंच लागतं. त्याला पर्याय नाही.

घाबरू नका, हे एका सूत्राचं काम आहे. `A2` मध्ये `042023` असेल तर:

```
=EDATE(DATE(RIGHT(A2,4),LEFT(TEXT(A2,"000000"),2),1),-1)
```

त्यातलं `TEXT` कृपा करून गाळू नका. एक्सेल `042023` ला संख्या समजून पुढचं शून्य खातं आणि `42023` उरतं. मग `LEFT` ला महिना ४२ मिळतो आणि एक्सेल न कुरकुरता तुम्हाला मे २०२६ काढून देतं. एरर येत नाही, म्हणूनच सांगतोय.

जुळवताना `VLOOKUP` ऐवजी `SUMIFS` वापरा. थकबाकी नंतर भरली असेल तर एकाच पगार-महिन्याच्या दोन ओळी येऊ शकतात आणि `VLOOKUP` पहिलीच उचलून थांबतं. नोकरी बदललेल्या माणसाचे मेंबर आयडी वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं पासबुक वेगळं. तुमच्या आस्थापनेचं तेवढंच घ्या.

मालकाचा हिस्सा तपासताना ३.६७ टक्क्यांनी गुणू नका. १५,००० वर ३.६७ टक्के ५५०.५० येतात, म्हणजे गोल करून ५५१. प्रत्यक्षात आधी पेन्शन काढतात, १,२४९.५० चे १,२५०, आणि ते १,८०० मधून वजा करतात. उरतात ५५०. पासबुकात ५५० च असतात आणि तेच बरोबर.

शिल्लक शेवटी तपासा. ओपनिंग, वर्गणी, व्याज आणि वजा उचल असा हिशेब कर्मचारी आणि मालक या दोन रकान्यांपुरता लावा. पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही. वर्षाचं व्याज उशिरा जमा होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये उतरवलेल्या पासबुकात ते नसेल तर गडबड समजू नका. काही महिन्यांनी नवं उतरवून घ्या.

एवढं करूनही एखादा महिना जुळला नाही, तर कर्मचाऱ्याला फोन करण्याआधी त्या महिन्याची वर्गणी भरताना पोर्टलवर चढवलेली ईसीआर फाइल उघडा. `#~#` ने तोडलेल्या ओळीत त्याचा यूएएन शोधा. तिथला आकडा पासबुकाशी जुळत असेल तर फरक तुमच्या पगारपत्रकातून ईसीआर बनवताना पडलाय, बहुधा बिनपगारी दिवसांत. ईसीआर पगारपत्रकाशी जुळत असेल आणि पासबुकातच ओळ नसेल, तर त्या महिन्याचं चलन खरंच भरलंय का आणि ओळीतला यूएएन त्याचाच आहे का, या दोन गोष्टी बघायच्या राहतात.