बोलण्याआधी मनात रिहर्सल: कशी करायची आणि कुठे थांबायची

उद्या मॅडमना सांगायचंय की शुक्रवारचा रिपोर्ट शुक्रवारी होत नाहीये, सोमवार लागेल. बोलणं दोन मिनिटांचं, पण आदल्या रात्री अकरापासून डोक्यात तेच चालू. मी असं म्हणणार, मग त्या तसं म्हणतील, मग मी गडबडणार, मग त्या अजून काहीतरी बोलतील... काही जणांना असं आधी बोलून बघितल्याने खरंच बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बोलणं नीट होतं. काही जण मात्र त्याच रिहर्सलने इतके दमतात की सकाळी मेसेज टाकून विषय टाळतात, नाहीतर रात्र जागून पूर्णच करतात तो रिपोर्ट.

असं का होतं ते आधी बघू, कारण पुढच्या स्टेप्स त्यावरच उभ्या आहेत. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये अशा लोकांबद्दल लिहिलं जे मुद्दाम कमी अपेक्षा ठेवतात, काय काय बिघडेल याचा आधीच विचार करतात आणि त्यामुळेच चांगलं काम करतात. अशा लोकांना "अरे टेन्शन नको घेऊ, सगळं छान होईल" म्हटलं की त्यांचं काम उलट बिघडतं. नंतर 1996 मध्ये नोरेमच्याच एका प्रयोगात लोकांना डार्ट फेकण्याआधी वेगवेगळी कल्पना करायला लावली, आणि या स्वभावाच्या लोकांचा नेम सगळ्यात चांगला लागला तो "चूक होईल, आणि झाली की मी ती अशी सावरीन" अशी कल्पना केल्यावर. यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे, सावरण्याचा. रात्री अकराला डोक्यात चालतं त्यात बहुतेक वेळा पहिलाच अर्धा असतो.

बिघडतं कुठे हे डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये सोशल अँग्झायटीबद्दल जे मांडलं त्यातून चांगलं कळतं. घाबरणारा माणूस प्रसंगाच्या आधीच त्यावर विचार करत बसतो, आणि त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो, तोही बाहेरून, समोरच्याच्या नजरेने. लाल झालेला, घाम आलेला, अडखळणारा. हे चित्र कल्पनेतलं असतं पण पुरावा असल्यासारखं वाटतं, आणि तेच चित्र घेऊन माणूस खोलीत शिरतो. म्हणजे प्रॅक्टिस झाली ती बोलण्याची नाही, घाबरण्याची.

आता करायचं कसं. कागद आणि पेन घ्या आणि पंधरा मिनिटांचा टायमर लावा. हे झोपायच्या वेळी करू नका, शक्यतो दिवसा उजेडी करा, कारण अंथरुणात विचार थांबवणारं काहीच नसतं.

स्टेप १: या बोलण्यातून काय हवंय ते एका वाक्यात लिहा, आणि ते तुमच्या हातातलं असू दे. "मॅडम चिडायला नकोत" हे तुमच्या हातात नाही. "सोमवारची तारीख मी स्पष्ट सांगेन आणि कारण देईन" हे आहे. बऱ्याच जणांची रिहर्सल इथेच फसते, कारण समोरचा चिडणार नाही याची खात्री देणारं वाक्य शोधत बसलात तर ते कधीच सापडत नाही आणि शोध संपत नाही.

स्टेप २: फक्त सुरुवात तयार करा, एक किंवा दोन वाक्यं, आणि ती मनात नाही तर तोंडाने मोठ्याने म्हणा. "मॅडम, रिपोर्टबद्दल बोलायचं होतं. आकडे दुसऱ्या टीमकडून काल आले, त्यामुळे शुक्रवारऐवजी सोमवार सकाळपर्यंत देऊ शकेन." दोन-तीनदा म्हणा, दर वेळी शब्द थोडे बदलू द्या. शब्द न् शब्द पाठ केलं की एक शब्द विसरला तरी अख्खं बोलणं हातातून सुटतं, आणि पाठ केलेलं बोलताना लक्ष समोरच्या माणसावर राहत नाही, डोक्यातल्या कागदावर राहतं.

स्टेप ३: ही खरी कामाची स्टेप. समोरच्याचे डायलॉग लिहू नका. त्याऐवजी अवघड जातील असे दोन किंवा तीनच प्रसंग घ्या आणि प्रत्येकापुढे "असं झालं तर मी हे करीन" लिहा. मानसशास्त्रात अशा जर-तर प्लॅनवर पीटर गोलविट्झर यांनी बरंच काम केलंय. मुद्दा एवढाच की वेळ आल्यावर विचार करावा लागत नाही, ठरलेलं आठवतं. आपल्या उदाहरणात:

त्या म्हणाल्या "हे आधी का नाही सांगितलं?", तर मी म्हणीन, "बरोबर आहे, कालच सांगायला हवं होतं," आणि तिथेच थांबीन, सफाई देत बसणार नाही.

त्या म्हणाल्या "शुक्रवारीच पाहिजे", तर विचारीन की अर्धा भाग शुक्रवारी दिला तर चालेल का, आणि तो कुठला हवाय.

मी अडखळलो किंवा काहीच सुचलं नाही, तर "एक सेकंद" म्हणून श्वास घेईन आणि तारीख परत सांगेन.

तिसरं वाक्य गाळू नका. घाबरणाऱ्या माणसाला खरी भीती समोरच्याच्या उत्तराची कमी आणि स्वतःच्या गडबडण्याची जास्त असते, आणि त्यावर प्लॅन असला की गडबडणं म्हणजे सगळं संपलं असं वाटत नाही.

स्टेप ४: टायमर वाजला की कागद घडी करा. रात्री परत तेच डोक्यात आलं तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, कागदावर लिहिण्यासारखं काही नवीन मिळालं का? मिळालं तर एक ओळ लिहा. तोच सीन तिसऱ्यांदा चालू असेल, त्यात तुमचाच चेहरा बाहेरून दिसत असेल, किंवा समोरचा दर फेरीत जास्त जास्त दुष्ट होत असेल, तर ती तयारी राहिली नाही, नुसती काळजी आहे. जबरदस्तीने विचार दाबायला जाऊ नका, तो अजून जोरात येतो. उठून असं काम करा ज्यात हात आणि डोकं दोन्ही लागेल.

प्रत्यक्ष बोलताना रिहर्सल बंद. समोरची व्यक्ती बोलत असताना तुम्ही मनात पुढचं वाक्य जुळवत असाल तर तिचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही, आणि मग उत्तर विचित्र जातं आणि "बघ, मला बोलताच येत नाही" हे पक्कं होतं. त्यांनी वापरलेला एखादा शब्द पकडा आणि त्यावर बोला.

आणि एक. दुकानात काही विचारायचं, फोन उचलायचा, शेजाऱ्याला नमस्कार करायचा, याचीही रिहर्सल लागत असेल तर मला वाटतं वरच्या स्टेप्स अजून नीट करण्यात अर्थ नाही, कमी करण्यात आहे. कारण रिहर्सल करून गेलात आणि सगळं नीट झालं तर श्रेय रिहर्सलला जातं, आणि तिच्याशिवायही जमलं असतं हे कधी कळतच नाही. म्हणून छोटे, फारसा फरक न पडणारे दोन प्रसंग निवडा. एकात नेहमीसारखी तयारी करा, दुसऱ्यात काहीच नाही. दोन्हीच्या आधी लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय, आणि नंतर लिहा की खरंच काय झालं, म्हणजे समोरचा काय बोलला, काय केलं. तुम्हाला आतून कसं वाटलं ते वेगळ्या ओळीत. सोशल अँग्झायटीच्या कॉग्निटिव्ह थेरपीत थेरपिस्ट अशाच पद्धतीचे प्रयोग करून घेतात, आणि भीतीपायी बोलणीच टाळली जात असतील, काम किंवा नाती अडत असतील, तर हे एकट्याने रेटण्यापेक्षा त्यांच्यासोबत केलेलं बरं.