ओईटी लिसनिंग पार्ट ए : एक जागा हुकली की पुढच्या तीन का जातात?

ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची इंग्रजी परीक्षा. तिच्या लिसनिंगच्या पार्ट ए मध्ये रुग्णाशी झालेले दोन संवाद असतात, प्रत्येकी साधारण 5 मिनिटांचे, आणि एकदाच ऐकू येतात. प्रत्येकाच्या छापील टिपणांत 12 रिकाम्या जागा, ऐकता ऐकता भरायच्या. एका शब्दावर अडकलो की संवाद पुढे निघून जातो. माझा असा घोळ सरावात दोनदा झाला, तेव्हा हे सुरू केलं.

1. आधी वाचायला मिळणाऱ्या 30 सेकंदांत उत्तरांचा अंदाज बांधत बसू नका. फक्त शीर्षकांभोवती गोल करा आणि प्रत्येक रिकाम्या जागेच्या शेजारचा एक ठळक शब्द अधोरेखित करा. ही तुमची खूण.

2. ऐकताना डोळे दोन जागांवर ठेवा : चालू आणि पुढची. पुढची खूण ऐकू आली की मागची सोडा.

खूण छापल्याप्रमाणेच ऐकू येईल असं नाही. कागदावर ‘वर्स ॲट नाइट’ असतं, रुग्ण म्हणतो, ‘आय कान्ट स्लीप ऑन दॅट साइड’. मात्र जागेत भरायचा शब्द सहसा जसाच्या तसा बोलला जातो, म्हणून तो बदलू नका.

3. रुग्ण स्वतःला दुरुस्त करतो. ‘टू वीक्स... नो, मोर लाइक टेन डेज.’ दोन आठवडे खोडा, टेन डेज लिहा.

सल्ला आणि पुढची तपासणी बहुधा शेवटी येते. तिथे औषधापेक्षा ‘कधी’ आणि ‘कोणाकडे’ जास्त हुकतं.

एका जागेत दोन पर्याय लिहून ठेवू नका. त्यातला एक चुकीचा असेल तर गुण जाऊ शकतो.